अधिक श्रावणातला वाल्व

उन्नतीला बर्फाच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मनवेलपाड्यातल्या शेजारणींनी तिची यथेच्छ थट्टा केली. आईने मात्र ती मनावर घेतली आणि पिशवीत एक स्वेटर कोंबून दिला. तो स्वेटर कारखान्यातल्या कपाटात घडीचा घडीच राहिला, कारण उन्नतीच्या ऑफिसात भर जानेवारीतही पंखा लागायचा. गार होतं ते आत, जाळीच्या दारापलीकडे, आणि तिथे जायला तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तरी ती जायची.

आत लाकडी झाकणांची लांबच लांब जमीन पसरलेली होती. झाकणांखाली मिठाचं पाणी, त्या पाण्यात उभे पत्र्याचे डबे आणि डब्यांत गोडं पाणी. मिठाचं पाणी शून्याखाली गेलं तरी गोठत नाही, गोडं मात्र दीड दिवसात दगड होऊन जातं. मग क्रेन डब्यांची एक ओळ अलगद उचलायची, साध्या पाण्यात बुडवायची, आडवी करायची आणि लाद्या एकामागून एक घसरत बाहेर यायच्या. त्यांच्या अंगातून धूर निघायचा. या सगळ्याच्या मागे अमोनियाच्या कॉम्प्रेसरची एकसुरी घरघर दिवसभर चाले. ती ऐकता ऐकता उन्नतीला आपण जागे आहोत की नाही हेच कळेनासं व्हायचं. खाडीवरून वारा आला की धूर हलायचा आणि त्यातून हरेश्वरकाका चालत यायचे, हातात ग्रीसचा डबा, खांद्यावर फडकं.

हरेश्वरकाका एकतीस वर्षं या यंत्रांचे मेस्त्री होते. खाडीकाठच्या शेतकरी घरातला माणूस. मोठ्या शेठने, म्हणजे आग्नेलशेठने, भातशेतीतून उचलून आणला आणि कॉम्प्रेसरपुढे उभा केला, तो तिथेच रुजला. आता आग्नेलशेठ राहिले नव्हते आणि कारखाना त्यांचा मुलगा कॉन्रॅड चालवत होता. कॉन्रॅड वाईट माणूस नव्हता. फक्त कुणी काही लेखी मागितलं की तो घाबरायचा.

आणि त्या वर्षी, दोन हजार चारच्या सुरुवातीला, विम्याच्या माणसाने लेखी मागितलं. यंत्रांच्या देखभालीचं वेळापत्रक कुठे आहे, असं त्याने विचारलं आणि कॉन्रॅडने सरळ हरेश्वरकाकांकडे बोट दाखवलं. विम्याच्या माणसाला हे उत्तर चाललं नाही. म्हणून कम्प्युटर आला आणि कम्प्युटरपाठोपाठ उन्नती आली.

तिने पहिल्या महिन्यात कारखान्यातलं एकूण एक काम लिहून काढलं. त्रेचाळीस भरली. प्रत्येकापुढे रकाने केले: यंत्र कोणतं, काम काय, किती दिवसांनी करायचं, शेवटचं कधी झालं, पुढची तारीख कोणती, झालं की बाकी. अगदी शेवटचा रकाना उलटलेल्या दिवसांचा. तारीख टळली की तो आपोआप लाल व्हायचा. पंख्याच्या बेअरिंगला ग्रीस, क्रेनच्या दोराची तपासणी, मिठाच्या पाण्याची घनता, कॉम्प्रेसरचं तेल, गॅसच्या मास्कचे डबे. महिन्याच्या सगळ्या कामांना तिने एक तारीख दिली. सगळी दर महिन्याच्या एक तारखेला. दिसायला कसं सुटसुटीत.

कॉन्रॅडला ते इतकं आवडलं की त्याने दाराशी एक फळा लावून घेतला. रोज सकाळी उन्नतीने त्यावर खडूने लिहायचं: मुदत उलटलेली कामं, आणि पुढे आकडा.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला आकडा अकरा झाला. तीनला अकरा, चारला अकरा, दहालाही अकरा. हरेश्वरकाका येता-जाता फळ्याकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. लाद्या न्यायला आलेले कोळी मात्र बोलायचे. "मेस्त्री, अकरा कामं राहिली म्हनं," असं हसत हसत विचारायचे. काका डबा घेऊन आत निघून जायचे. उन्नतीला खडूचा राग यायचा, पण आकडा खरा होता, त्याला ती काय करणार?

मार्चात पुन्हा तेच. एप्रिलात पुन्हा तेच. शेवटी मे महिन्यात कॉन्रॅडने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि काका ऐकतील एवढ्या मोठ्याने सांगितलं, "भाईंदरची एक कंपनी देखभालीचं कंत्राट घ्यायला तयार आहे. पावसाळ्यानंतर ज्या दिवशी प्लॅन्ट सुरू करू, त्या दिवशी फळ्यावर शून्य हवं. नसेल तर काकांनी आता आराम करावा."

जाळीपलीकडे काका उभे होते. त्यांनी फडक्याने हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. घरी खायला कमी नव्हतं. मुलगा कल्पेश चांगला कमावता होता. पण सुट्टीच्या दिवशीही हा माणूस दुपारी सायकल काढून यायचा आणि कॉम्प्रेसरच्या शेजारी बाकड्यावर बसायचा. त्यांची बायको कृष्णाबाई म्हणायची की घरघर नसली तर यांना झोप लागत नाही, घरी नुसते आढ्याकडे बघत पडतात. आराम करायचा म्हणजे त्यांनी कुठे करायचा?

उन्नतीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आकडा आपण लिहितो, तारखा आपण दिल्या आणि नोकरी मात्र त्यांची जाणार, हे तिला सहन होईना. तिने जुने आकडे काढले आणि पंख्याखाली बसून नुसती बघत राहिली. बघता बघता तिला जाणवलं की आकडा हळूहळू उतरत नव्हता. तो एका दिवसात कोसळायचा. फेब्रुवारीत तेराला, मार्चात चौदाला, एप्रिलात बाराला. अकरावरून सरळ एक नाहीतर शून्य.

ती उठून आत गेली. काका बाकड्यावर होते.

"काका, तेरा फेब्रुवारीला काय होतं?"

"मना तारखा नाय कळत," काका म्हणाले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. त्यावर त्यांनी पेन्सिलने बारीक बारीक फुल्या केल्या होत्या, आणि प्रत्येक फुली एकाच तिथीवर होती. "वद्य अष्टमी. भांग असतो."

"म्हणजे?"

काका हसले. खाडीकाठी नोकरी करणाऱ्या मुलीला भांग माहीत नाही याची त्यांना गंमत वाटली असावी. "पुनवेला न् अवसेला उधान. पानी जोरात. तवा बोटी सगल्या बाहेर, बरफाला ही झुंबड. तवा मशीन कोन बंद करील? अष्टमीला भांग, पानी मेलेलं. बोटी किनाऱ्याला, बरफाला कोन विचारीत नाय. तवा मशीन सोडवायची, तिची चाकरी करायची. एक वद्य अष्टमी चुकवली नाय मी, एकतीस वर्सांत."

उन्नती तिथेच लाकडी झाकणावर बसली. खालून गारवा अंगात चढत होता आणि तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. एका वद्य अष्टमीपासून पुढच्या वद्य अष्टमीपर्यंत साडेएकोणतीस दिवस. महिन्याची कामं महिन्यानेच होत होती, दिवसाचाही उशीर नव्हता. उशीर तिच्या एक तारखेने केला होता. कम्प्युटरला आवडली म्हणून दिलेली तारीख, आणि त्यापायी या माणसाने चार महिने टोमणे खाल्ले.

पुढचे दिवस स्वप्नात गेल्यासारखे गेले. कारखाना पावसाळ्यासाठी बंद झाला होता. घरघर थांबली होती, टाकीतलं मिठाचं पाणी संथ पडून होतं आणि छपरावर पावसाचा आवाज यायचा. काका एकेक यंत्र उघडत होते आणि उन्नती त्यांच्या शेजारी वही घेऊन बसत होती. तिने सगळा तक्ता नव्याने मांडला. महिन्याच्या कामांची मुदत वद्य अष्टमीला, वर तीन दिवसांची सवलत. त्यात झालं तर वेळेवर, त्यापुढे गेलं तर लाल. हे तिने कॉन्रॅडला दाखवून त्याची सही घेतली. चोरून काही केलं नाही.

मग वर्षाची कामं आली. काका सांगायचे आणि ती लिहायची.

"कंप्रेसर खोलायचा?"

"जेष्ट संपायच्या आत." तो तर खोलून, पिस्टन धुऊन, बंदही झाला होता.

"अमोनियाच्या टाकीवरचे सेफ्टी वाल्व?"

"ते शेवटाला. नारली पुनवेच्या पाच दिस आदी. मोठ्या शेठपासून तसंच हाय. वाल्व तपासून आले की मग नारळ. एक दर्याला, एक टाकीला."

ती टाकी काका सगळ्यांत जास्त जपत. तिच्या पोटात दाबाखाली अमोनिया असतो. दाब मर्यादेबाहेर गेला तर वरचा वाल्व आपोआप उघडतो आणि वायू नळीने उंच, माणसांपासून दूर सोडून देतो. वाल्व दोन असतात, मधे एक फिरवायची दांडी; ती ज्याच्याकडे वळवली तोच पहाऱ्यावर. एक तपासायला काढला तरी दुसरा पहाऱ्यावर राहतो. उन्नतीने कॅलेंडर चाळलं, नारळी पौर्णिमा बघितली, पाच दिवस मागे गेली आणि पुढच्या तारखेच्या रकान्यात पंचवीस ऑगस्ट लिहिलं. रकाना हिरवा राहिला. तिला फार बरं वाटलं. काकांचं पंचांग आणि तिचा कम्प्युटर आता एकच भाषा बोलत होते, निदान तिला तसं वाटलं.

ऑगस्ट उजाडला. मासेमारीची बंदी पंधराला उठणार होती. काही बोटी पुनवेची वाट बघणार होत्या, पण मोठ्या बोटींना धीर नव्हता; त्यांना सोमवारी सोळाला बर्फ हवा होता. म्हणजे टाकीतलं पाणी गार व्हायला आणि लाद्या धरायला प्लॅन्ट शुक्रवारी तेराला सुरू करणं भाग होतं. कॉन्रॅड दहा वाजता येऊन स्टार्टर दाबणार होता.

शुक्रवारी उन्नती सकाळी आठलाच आली. तक्ता उघडला. त्रेचाळीस ओळी, एकही लाल नाही. फळ्यावर तिने मोठं, गोल, जरा जास्तच सुबक शून्य काढलं. काका ते बघून गेले आणि गुणगुणत कॉम्प्रेसर पुसायला लागले. ते गुणगुणतात हेच तिला माहीत नव्हतं.

आता फक्त एक कागद उरला होता. प्लॅन्ट सुरू करताना विम्यासाठी भरायचा. त्यात पुढची तारीख विचारलेली नव्हती, प्रत्येक वार्षिक कामाला मागच्या वेळेपासून किती दिवस झाले ते विचारलं होतं. ती भरत गेली. अडुसष्ट. एकावन्न. चाळीस. वाल्वपाशी आली. मागची तपासणी सात ऑगस्ट दोन हजार तीन. तिने आजची तारीख वजा केली.

तीनशे बाहत्तर.

तिला वाटलं आपलं चुकलं. पुन्हा वजा केलं. मग कॅलेंडरची पानं उलटली आणि हात थांबला. जुलै-ऑगस्टच्या पानांवर श्रावण एकदा नव्हे, दोनदा होता. आधी अधिक श्रावण, मग खरा. या वर्षाला तेरा महिने होते. मागच्या वर्षीची नारळी पुनव बारा ऑगस्टला येऊन गेली होती, या वेळची महिनाअखेरीला येणार होती. मुदत सातलाच संपली होती. काका तिथीने चालले, ती काकांच्या बोटाला धरून चालली आणि दोघंही एकाच खड्ड्यात पडली. फळ्यावरचं शून्य खोटं होतं.

पावणेनऊ झाले होते. तिच्या मनात आलं, फक्त बारा दिवसांचा प्रश्न आहे. पंचवीसला वाल्व तपासायला जाणारच आहेत. एकतीस वर्षं काही झालं नाही, बारा दिवसांत काय होणार? कागदावर तीनशे चौसष्ट लिहिलं तर कोण मोजायला बसलंय? एक आकडा बदलायचा आणि काकांचं बाकडं काकांकडे राहील. हा विचार तिच्याच मनात आला होता, आणि त्याची तिला नंतर बरेच दिवस लाज वाटत राहिली.

ती कागद तसाच घेऊन आत गेली.

"काका, या वर्षी अधिक महिना आहे."

"हाय ना. म्हनून तर थांबलोय. अधिकात नारळ नाय फोडत."

"वाल्वला वर्ष होऊन गेलं. सहा दिवस वर झालेत. पंचवीसपर्यंत थांबलो तर अठरा होतील."

काका अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागले. एकदा मोजली, पुन्हा मोजली. मग वर टाकीकडे बघितलं, जिथे ते दोन वाल्व शेजारी शेजारी बसले होते. त्यांचा चेहरा एकाएकी फार म्हातारा दिसला.

"दर तीन वर्सांनी," ते हळूच म्हणाले. "दर तीन वर्सांनी मी त्यांना एक महिना जास्त ठेवलंय. एकतीस वर्सं." मग म्हणाले, "मशीनला अधिक महिना कुटं ठावं."

"चूक माझीपण आहे. तारीख मी घातली. शेठना मी सांगते, तुम्ही काही बोलू नका."

"तू नको सांगू, पोरी."

ते खांद्यावरचं फडकं घेऊन बाहेर गेले. उन्नती मागोमाग धावली. फळ्यासमोर उभे राहून त्यांनी तिचं सुबक शून्य पुसलं, कानाकोपऱ्यांसकट, यंत्र पुसावं तसं. मग खडू उचलला. खडू धरायची सवय नव्हती. तरी सावकाश, दाबून, वाकडातिकडा एक काढला.

कॉन्रॅड दहाला पाच मिनिटं असताना आला. गाडीतून उतरला आणि फळ्यापाशीच थांबला. "हे कोणी लिहिलं?"

"मी," काका म्हणाले. "टाकीच्या वाल्वची मुदत गेली, शेठ. मी पुनवेनं मोजली, चुकलो. मशीन आज चालू नको करू."

"सोमवारी बोटी येणारेत, काका."

"येऊंदे. वाल्व वालीवच्या वर्कशापात तपासून आनू, मग चालू. नायतर मी हितंच बसतो स्टार्टरपुडं."

या माणसाने एकतीस वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता आणि आताही चढवला नाही. कॉन्रॅडने घड्याळ बघितलं, फळा बघितला आणि ड्रायव्हरला वालीवला जायला गाडी वळवून ठेवायला सांगितली.

काकांनी मास्क लावून दांडी फिरवली, एक वाल्व उतरवला, जागा घट्ट बंद केली. वालीवच्या वर्कशॉपात तो तपासणीच्या बाकावर चढवला. नायट्रोजनच्या सिलिंडरचा दाब हळूहळू वाढू लागला आणि दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा सरकू लागला. वाल्ववर साडेसतरा किलो दाबाचा शिक्का होता. तिथे त्याने उघडायलाच हवं. काटा साडेसतरावर आला. अठरा झाला. एकोणीस. उन्नतीला वाटलं की वर्कशॉपातली सगळी यंत्रं थांबलीत आणि फक्त तो काटा चाललाय. एकवीसला वाल्व एकदम फट्कन उघडला आणि त्याच्या तोंडातून गंजाची तांबूस पूड उडाली. कॉन्रॅडने आपल्या शर्टावरची पूड बघितली, पण झटकली नाही.

आधी तो साफ करून, नवी स्प्रिंग घालून, पुन्हा तपासून, सील करून टाकीवर चढवला; मग संध्याकाळी दुसरा आणला. तो बरोबर साडेसतराला उघडला.

"वर्षभर टाकीवर पाळी कोणाची होती?" कॉन्रॅडने विचारलं. "दांडी कुठल्या बाजूला होती?"

"पैल्याची. त्या गंजलेल्याची," काका म्हणाले.

शनिवारी दुसराही जागेवर बसला आणि दुपारी कॉम्प्रेसर सुरू झाला. घरघर पुन्हा भिंतींत भरली. काका बाकड्यावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. उन्नतीला वाटलं झोपले, पण ते ऐकत होते.

कॉन्रॅड आत आला. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला, ऑइलच्या डागांवर, खुशाल पांढरी पॅन्ट टेकून बसला. बराच वेळ तोही ऐकत राहिला.

"भाईंदरवाल्यांना नको म्हणून कळवलं," तो म्हणाला. "आणि काका, फळ्यावरचा आकडा उद्यापासून तुम्ही लिहायचा. उन्नती सांगेल, पण लिहायचा तुम्ही."

काकांनी डोळे उघडले नाहीत. कॉन्रॅड उठून गेल्यावर त्यांनी फडक्याने तोंड पुसलं, आणि ते नुसतं तेल नव्हतं हे उन्नतीला दिसलं.

सोमवारी बोटींना बर्फ चार तास उशिरा मिळाला. कोळ्यांनी शिव्या दिल्या, लाद्या भरल्या आणि गेले. संध्याकाळी काका पहिल्यांदाच ऑफिसात आले. कम्प्युटरसमोर उभे राहून त्यांनी वाल्वची ओळ कुठली ते विचारलं. तिने बोट ठेवून दाखवली.

"पुडची तारीख काय घातलीस?"

"तपासणीपासून एक वर्ष. तेरा ऑगस्ट."

"दहाची घाल. तीन दिस आदी."

उन्नतीने कॅलेंडर चाचपलं. पुढच्या वर्षीचं अजून आलंच नव्हतं. "तेव्हा नारळी पुनव पाच दिवसांवर नसेल कदाचित, काका. मग नारळाचं काय?"

"वाल्व दहाला," काका म्हणाले. "नारळ थांबंल."